ऑफर लेटरमधला पगार जुळत नाही: फोन करावा की मेल?

तोंडी सांगितलेला पगार आणि ऑफर लेटरमध्ये छापलेला आकडा वेगळा निघाला, तर विचारायचं हे नक्की. सही करण्याआधी विचारायचं, हेही नक्की. "आधी रुजू तर होऊ, मग बोलू" हा पर्याय मी धरतच नाही, कारण सही झाली की छापलेला आकडाच तुमचा पगार ठरतो. अडतं ते एवढ्यावरच, की फोन करावा की मेल लिहावा. मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच, पण फोनचीही एक जागा आहे.

दोन्हींच्या आधी लेटरच्या शेवटी जोडलेला पगाराचा तक्ता उघडून एक बेरीज करून बघा. समजा फोनवर तुम्हाला "१२ लाख" सांगितले होते आणि तक्त्यात फिक्स, म्हणजे नक्की मिळणारा पगार, १० लाख २० हजार दिसतं आहे. त्याखाली कामगिरीवर ठरणारं व्हेरिएबल १ लाख २० हजार आणि निवृत्ती निधीतला कंपनीचा वाटा ६० हजार. तिन्ही मिळून बरोबर १२ लाख होतात. म्हणजे टायपिंगची चूक नाही. सांगणाऱ्याने कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, म्हणजे सीटीसी, सांगितला आणि तुम्ही तो फिक्स समजलात, किंवा त्याने फिक्सच कबूल केलं होतं आणि लेटर बनवणाऱ्यापर्यंत ते गेलंच नाही. महिन्याला एक लाख धरून चाललेल्या माणसाला कपातीआधीच ८५ हजार दिसणार, हा फरक लहान नाही. उलट कशाचीही बेरीज १२ ला पोचत नसेल, तर बहुतेक जुना मसुदा किंवा चुकीची श्रेणी वापरली गेली असते, आणि ती दुरुस्ती सहसा लवकर होते. कधी कधी बेरीज जुळवायला जॉइनिंग बोनस आत घातलेला असतो. तो एकदाच मिळतो, त्यामुळे दुसऱ्या वर्षी पॅकेज तेवढ्याने आपोआप खाली येतं. तो वेगळा काढूनच तुलना करा.

आता फोन. फोनवर सूर सांभाळता येतो, समोरच्याच्या आवाजावरून अंदाज येतो, आणि तक्ता समजून घ्यायचा असेल तर पाच मिनिटांत उलगडा होतो. मी फोन केला तेव्हा एचआरमधल्या बाई अगदी नीट बोलल्या. "अहो, बाराच आहेत की! सीटीसी बघा ना." मी म्हटलं, आपलं बोलणं फिक्सबद्दल झालं होतं. त्यावर, "असं का? थांबा, मी आत विचारून कळवते."

मला खटकलं ते यानंतरचं. कळवणं काही झालं नाही. पुन्हा फोन केला तर दुसऱ्याच कुणी उचलला, आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागली: काय ठरलं होतं, कुणाशी, तक्त्यात काय आहे. त्यांनीही "बघतो" म्हटलं. त्याच सुमारास ऑफर स्वीकारायची मुदत जवळ आली म्हणून पोर्टलवरून आपोआप आठवणीचे मेल येऊ लागले. म्हणजे मुदतीची नोंद सिस्टिममध्ये होती, माझ्या प्रश्नाची कुठेच नव्हती. शेवटी त्याच बाई म्हणाल्या, "तुम्ही मेल टाकून ठेवा ना, म्हणजे मला पुढे पाठवता येईल."

माझ्यासाठी निकाल तिथेच लागला. फोन उचलणाऱ्या व्यक्तीला आकडा बदलायचा अधिकार बहुधा नसतोच. तिला वरून मंजुरी घ्यावी लागते, आणि मंजुरीसाठी पुढे ढकलायला काहीतरी लिहिलेलं लागतं. मग ते पहिल्याच दिवशी का देऊ नये?

पुढच्या नोकरीच्या वेळी असाच फरक निघाला, तेव्हा लेटर ज्या मेलने आलं होतं त्यालाच उत्तर दिलं. नवा मेल सुरू केला नाही, म्हणजे लेटर आणि प्रश्न एकाच धाग्यात राहिले. मजकूर साधारण असा होता. आकडे इथे वरच्या उदाहरणातले घातले आहेत:

"ऑफर लेटर मिळालं, मनापासून आभार. तक्त्यात वार्षिक फिक्स १०.२० लाख दिसतं आहे. मंगळवारी आपलं बोलणं झालं तेव्हा फिक्स १२ लाख आणि व्हेरिएबल त्याव्यतिरिक्त, असं मी टिपून ठेवलं होतं. माझ्या समजण्यात फरक झाला आहे की लेटरमध्ये दुरुस्ती लागेल, हे कृपया पाहून सांगाल का? दुरुस्ती असेल तर सुधारित लेटर मिळाल्यावर लगेच सही करून पाठवतो. स्वीकृतीची मुदत शुक्रवारची आहे, ती तोपर्यंत वाढवता आली तर बरं होईल."

यात "तुम्ही म्हणाला होतात" कुठेच नाही. वार आहे, दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत, आणि समोरच्याला मान राखून दुरुस्ती करायला वाट आहे. फरक का पडला याचा तर्कही मी लिहिला नाही. तर्क लिहिला की उत्तर त्याच्यावर येतं आणि आकडा बाजूला राहतो. "टिपून ठेवलं होतं" हे मात्र खरंच असायला हवं. पगाराचं बोलणं झालं की तारीख, नाव आणि आकडा फिक्स की एकूण, हे लगेच लिहून ठेवावं.

मागायचं ते सुधारित लेटर. "हो हो, बाराच फिक्स धरा" असा एका ओळीचा मेल आला तरी मी थांबेन. पुष्कळ लेटरांमध्ये आधीची सगळी बोलणी या पत्राने रद्द समजावीत, असं कलम असतं. तसं असेल तर त्या एका ओळीवर विसंबून सही करणं धोक्याचं. सुधारित प्रत आली की तिची तारीख आणि तक्ता दोन्ही बघा. पत्रातला आकडा बदललेला आणि तक्ता जुनाच, असंही होतं. आणि ती हातात येईपर्यंत आताच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

मेलची मर्यादा आहेच. उत्तराला वेळ लागतो, आणि कोरडा लिहिला तर तक्रारीसारखा वाचला जातो. मुदत आजच संपत असेल, किंवा आकडा एचआरने नव्हे तर तुमच्या होणाऱ्या मॅनेजरने सांगितला असेल, तर आधी फोन करणं कदाचित बरं. मॅनेजरला न सांगता त्याचं नाव एचआरच्या मेलमध्ये आलं, तर त्याला ते आवडेलच असं नाही. पण फोन ठेवल्यावर त्याच दिवशी "आत्ता बोलल्याप्रमाणे" म्हणून वरचाच मजकूर पाठवावा, असं मला वाटतं.

उत्तर "आमच्या बाजूने १२ लाख एकूणच होते" असं आलं, तर विचारपूस तिथे संपते आणि वाटाघाट सुरू होते. त्या धाग्यात पुन्हा "पण बोलणं तर" करत बसू नये. एक दिवस घ्यावा, आपल्याला किमान किती फिक्स चालेल ते ठरवावं, आणि तो आकडा नव्या मेलमध्ये मागावा.