आठ महिन्यांच्या शर्यतींनंतर: रबर बँडिंग कुठे पटते, कुठे खटकते

गेले आठ महिने मी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याबरोबर ‘मारियो कार्ट ८ डिलक्स’ खेळतो आहे. त्याचा हात अजून बसलेला नाही, तरीही आमच्या बहुतेक शर्यती शेवटच्या फेरीपर्यंत रंगतात. याचे कारण रबर बँडिंग, म्हणजे गाड्यांमधले अंतर फार वाढू नये म्हणून गेमनेच केलेली सोय. बारा गाड्यांच्या या खेळात वाटेतल्या पेट्यांमधून काय मिळेल, हे पहिल्या गाडीपासून तुम्ही किती मागे आहात यावरही ठरते. पुढच्याला बहुधा नाणे किंवा केळ्याची साल मिळते, तर फार मागे पडलेल्याला काही क्षण आपोआप सुसाट पुढे नेणारे बुलेट बिल किंवा वेग वाढवणारा तारा. मदत उघड दिसते आणि ती नेमकी केव्हा वापरायची हे खेळणाऱ्याच्या हातात राहते, म्हणून हरल्यावरही मला फसवल्यासारखे वाटत नाही.

रबर बँडिंगचा दुसरा प्रकार मात्र छुपा असतो. त्यात संगणकाची गाडी तुमच्यापासून किती अंतरावर आहे हे सतत मोजून तिचा वेग कमी-अधिक केला जातो. समजा, तुम्ही ताशी १८० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५० मीटरने जात आहात आणि प्रतिस्पर्धी १०० मीटर मागे आहे. त्याला पाच टक्के जादा वेग दिला, तर तो सेकंदाला अडीच मीटर जवळ येईल आणि चाळीस सेकंदांत तुम्हाला गाठेल. एवढा फरक सहसा जाणवत नाही. तोच वेग दहा टक्क्यांनी वाढवला, तर वीस सेकंद पुरतात, आणि सरळ रस्त्यावर तशीच गाडी तुम्हाला सहज मागे टाकताना पाहून संशय येतो.

माझ्याकडच्या दुसऱ्या एका रेसिंग गेममध्ये मला हाच संशय आला, म्हणून मी फेऱ्यांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या. (घरच्यांनी यथेच्छ चेष्टा केली.) मी एक मिनिट वीस सेकंदांची स्वच्छ फेरी मारली, तेव्हा मागच्या गाडीला एक मिनिट एकवीस सेकंद लागले, पुढच्या फेरीत मी मुद्दाम भिंतीला घासत एक मिनिट अठ्ठावीस सेकंद घेतले, तर तिलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागला. प्रतिस्पर्ध्याची वेळ अशी तुमच्या वेळेची सावली होऊन चालू लागली, की पहिल्या दोन फेऱ्यांतल्या कौशल्याला काही किंमत उरत नाही आणि निकाल शेवटच्या वळणावर लागतो.

त्याहून वाईट म्हणजे हा रबर तिथे एकाच बाजूने ताणला जातो. मी मागे पडलो की पुढच्या गाड्या थांबत नाहीत. मी पुढे गेलो की मागच्या मात्र उडत येतात. वेग वाढवण्याऐवजी पुढच्या गाड्यांना वळणावर थोडा लवकर ब्रेक लावायला लावले असते, तर शर्यत तेवढीच चुरशीची झाली असती आणि माझ्या गाडीला लागू असलेली वेगमर्यादा त्यांनीही पाळली असती.

सध्या तो गेम मी फक्त घड्याळाविरुद्ध खेळतो. भाच्याबरोबर मात्र मारियोच चालू आहे.