‘इज’ ठेवावं की ‘वॉज’ करावं?

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीचे मिनिट्स इंग्रजीत लिहायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच हा प्रश्न उभा राहतो. सभेत प्लंबर म्हणाला, पंप बंद आहे. लिहितानाही पंप बंदच आहे. मग ‘द प्लंबर सेड दॅट द पंप इज नॉट वर्किंग’ लिहायचं, की ‘वॉज नॉट वर्किंग’?

व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही बरोबर. शाळेत घोकलेला नियम मात्र जास्त कडक होता: ‘सेड’नंतर भूतकाळच, सूर्य पूर्वेला उगवतो अशा कायमच्या सत्यालाच वर्तमानकाळाची सूट. परीक्षेच्या पेपरात तो पाळावा. एरवीच्या इंग्रजीत जी गोष्ट अजून खरी आहे, मग तो बंद पंप का असेना, तिला वर्तमानकाळ चालतो.

‘वॉज’ लिहिताना आपला हात अडखळतो तो मराठीमुळे. ‘पंप बंद आहे असं म्हणाला’ आणि ‘पंप बंद होता असं म्हणाला’ या आपल्याकडे दोन वेगळ्या बातम्या आहेत. दुसरीत पंप तो बोलण्याच्या आधी बंद होता. मराठीत बोलणाऱ्याचा काळ तसाच राहतो, ‘म्हणाला’मुळे हलत नाही. इंग्रजीतलं हे ‘वॉज’ बहुतेक वेळा नुसतं ‘सेड’च्या मागोमाग आलेलं असतं. पंप आज चालू आहे की बंद, याबद्दल ते काहीच सांगत नाही. आधीपासून बंद होता असंच सांगायचं असेल, तर ‘हॅड बीन’ लिहिलं की शंका उरत नाही.

‘इज’ मात्र दोन दिवसांची जबाबदारी घेतं. पंप प्लंबर बोलला त्या दिवशी बंद हवा आणि वाक्य लिहिलं त्या दिवशीही. शिवाय दुसऱ्या दिवसाची हमी प्लंबरची नाही, लिहिणाऱ्याची. समजा सभा रविवारी झाली, पंप मंगळवारी दुरुस्त झाला आणि मिनिट्स गुरुवारी लिहिले. आता ‘इज’ चूक आहे, प्लंबर खरं बोलला होता तरी. कुठलं वाक्य कसं वागतं ते पाहायचं असेल तर त्याच्या शेवटी ‘बट इट इज वर्किंग नाउ’ जोडून बघा. ‘वॉज’वालं वाक्य निमूट उभं राहतं, ‘इज’वालं स्वतःशीच भांडतं.

माझा कल ‘वॉज’कडे झुकतो तो इथेच. ‘इज’ ठेवायचं तर पाठवण्यापूर्वी प्रत्येक वाक्यातली गोष्ट पुन्हा तपासावी लागते: पंप अजून बंद का, टँकर अजून येतो का, गाळा अजून रिकामा का. एवढं करूनही कागद पुढच्या सभेत वाचला जातो, तेव्हा त्यातली निम्मी वाक्यं शिळी झालेली असतात. ‘विल’चं तर जास्तच. कॉन्ट्रॅक्टर मे महिन्यात म्हणाला, काम १५ जूनपर्यंत होईल. तेव्हा लिहिलेलं ‘विल बी कम्प्लीटेड’ जुलैत कसंतरीच वाटतं; ‘वुड बी’ जुलैतही बिनचूक राहतं, काम झालेलं असो वा नसो.

‘वॉज’चाही एक त्रास आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मीटर रूममधली वायर उघडी आहे. त्याच दिवशी लिफ्टजवळ लावायच्या नोटिशीत ‘वॉज एक्स्पोज्ड’ लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटेल की वायर झाकली गेली. अशा वेळी स्वतः बघून खात्री करावी आणि ‘इज’ लिहावं. क्रियापदही थोडा इशारा देतं. ‘पॉइंटेड आउट’ किंवा ‘डिस्कव्हर्ड’ लिहिताना गोष्ट आपण मान्य केलेलीच असते, तिथे ‘इज’ सहज बसतं. ‘क्लेम्ड’नंतर ‘इज’ लिहिलं तर नुसत्या दाव्याला आपलीही साथ आहे की काय असं वाटू शकतं. थकबाकीदार सभासदाचं म्हणणं नोंदवताना हा फरक महागात पडू शकतो.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो एकाच वाक्यात दोन्ही वापरल्याने. भाडेकरू म्हणाला, मी ठाण्यात राहतो आणि बेलापूरला नोकरी करतो. ‘ही सेड दॅट ही लिव्ह्ज इन ठाणे अँड वर्क्ड इन बेलापूर’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या लेखी त्याची नोकरी सुटली. ‘लिव्ह्ड’ आणि ‘वर्क्ड’ ही जोडी चालेल, ‘लिव्ह्ज’ आणि ‘वर्क्स’ हीसुद्धा. वाक्याच्या मध्यावर काळ बदलला की वाचणारा त्याचं कारण शोधू लागतो, आणि ते बहुधा चुकीचंच सापडतं.