वाटणीचे २४ लाख: एकदम गुंतवायचे की हप्त्यांनी?

समजा, सदाशिव पेठेतला वाडा विकला गेला आणि कर भरून, कर्ज फेडून, वर्षभराचा खर्च बाजूला ठेवून तुमच्या वाट्याला २४ लाख उरले. दहा-बारा वर्षं हात लावायचा नाही, म्हणून ते इक्विटी फंडात घालायचे ठरलं. आता एकरकमी घालायचे, की कमी जोखमीच्या लिक्विड फंडात ठेवून एसटीपीने, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात ठरलेल्या तारखेला आपोआप रक्कम हलवून, दरमहा २ लाख इक्विटीत वळवायचे?

इक्विटीत सरासरी १२ टक्के आणि लिक्विड फंडात ६ टक्के मिळतील असं धरू. पहिला हप्ता आजच गेला, तर बाराही हप्त्यांचे पैसे सरासरी साडेपाच महिने बाहेर थांबतात. या थांबण्याची किंमत साधारण ६६ हजार रुपये. म्हणूनच निव्वळ आकड्यांवर एकरकमी गुंतवणूक बहुतेक वेळा पुढे राहते. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचे आकडे तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश वेळा तीच सरस ठरली होती.

उरलेल्या एक तृतीयांशाचं काय? बाजार वर्षभरात हळूहळू २० टक्के उतरला, तर एकरकमीचे १९.२ लाख होतात. हप्त्यांचे, लिक्विड फंडाचं व्याज धरून, २१.९ लाखांच्या आसपास राहतात. तोच बाजार २० टक्के चढला, तर एकरकमीचे २८.८ लाख आणि हप्त्यांचे सुमारे २७.१ लाख. म्हणजे ते ६६ हजार हा विम्याचा हप्ता समजा. पण हा विमा वर्षभरापुरताच! तेराव्या महिन्यात बाजार कोसळला, तर दोघांचेही सगळे पैसे आतच असतात. खरं संरक्षण २४ लाखांपैकी इक्विटीत किती घालायचे, या निर्णयात आहे. २००८ मध्ये निफ्टी जानेवारीच्या शिखरावरून ऑक्टोबरपर्यंत निम्म्याहून खाली आला होता. २४ चे १२ लाख झालेले बघवणार नसतील, तर हप्ते वाढवू नका, इक्विटीतली रक्कमच कमी करा.

एसटीपी फसते ती माणसामुळे. चौथ्या महिन्यात बाजार पडतो, घरी चर्चा होते, ‘जरा थांबू’ म्हणून एसटीपी बंद केली जाते. स्वस्तात मिळणारे युनिट नेमके तेव्हाच हातचे जातात.

माझं मत सांगतो. आधीच ८० लाख फंडात असलेल्या हिंजवडीतल्या नोकरदाराला ५ लाख बोनस आला, तर त्याने तो एकदम घालावा. २० टक्के घसरणीत या नव्या पैशांवर लाखभराचाच फरक पडतो. पण पहिल्यांदाच इक्विटीत येणाऱ्याने सहा ते बारा महिन्यांची एसटीपी घ्यावी, त्याहून लांब नको. फॉर्मवर शेवटची तारीख आजच घाला. लिक्विड फंड त्याच फंड हाऊसचा लागतो आणि दर हप्ता ही तिथली विक्री धरली जाते, त्यामुळे त्यावरच्या नफ्यावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो.