हजारो मेल एकदम उडवायचे आहेत: टूलला पासवर्ड द्यावा, पूर्ण परवानगी द्यावी, की हातानंच करावं?

गूगल खात्याची १५ जीबी जागा भरली की बहुतेकांना पहिल्यांदा मास-डिलीट टूल आठवतं. ‘एका क्लिकमध्ये इनबॉक्स रिकामा’ म्हणणाऱ्या सेवा भरपूर आहेत. त्या खात्यात कोणत्या वाटेनं शिरतात, यावर धोका किती हे ठरतं, म्हणून मी इथे वाटांचीच तुलना करतो आहे.

पासवर्ड मागणारं टूल

टूलच्या स्वतःच्या पानावर जीमेलचा पासवर्ड टाकायला सांगितला, तर मी तिथेच थांबायला सांगेन. वैयक्तिक खात्यांसाठी गूगलनं ३० मे २०२२ पासून नुसत्या नाव-पासवर्डवर बाहेरच्या ॲपला मेलबॉक्समध्ये येऊ देणं बंद केलं आहे. म्हणजे प्रामाणिक टूलला तुमचा खरा पासवर्ड उपयोगाचाच नाही. तरीही तो मागितला जात असेल, तर त्यांचा सर्व्हर तुमच्या नावानं ब्राउझरमधून लॉगिन करणार आहे, किंवा त्यांना पासवर्डच हवा आहे. ‘आता फोनवर आलेला कोडही इथे टाका’ असं पुढे विचारलं, तर पान लगेच बंद करा.

याचं जरा सभ्य रूप म्हणजे ॲप पासवर्ड. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर दुसऱ्या टप्प्यात कोडही मागणारी सोय, चालू असलेल्या खात्यातून गूगल १६ अक्षरांचा वेगळा पासवर्ड बनवून देतं. तो हवा तेव्हा रद्द करता येतो आणि खरा पासवर्ड गुपित राहतो, हे त्याचे फायदे. पण त्यावर मर्यादा घालता येत नाही. ज्याच्या हाती तो असेल त्याला दुसऱ्या टप्प्याचा कोड न विचारता सगळा मेलबॉक्स उघडतो, मग तो जाहिरातींचा मेल असो की बँकेचा.

‘साइन इन विथ गूगल’ करून परवानगी घेणारं टूल

इथे पासवर्ड गूगलच्याच पानावर टाकला जातो, टूलला फक्त एक टोकन मिळतं, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली. वाट चांगलीच आहे, पण लोक परवानगीचं पान न वाचता पुढे जातात आणि सगळा फरक त्या एका ओळीत असतो. पूर्ण परवानगीची ओळ साधारण अशी दिसते:

```
Read, compose, send, and permanently delete all your email from Gmail
```

या परवानगीचं तांत्रिक नाव `https://mail.google.com/`. तिच्याखालची पायरी म्हणजे `gmail.modify`. तीही लहान नाही, तिच्यात मेल वाचता आणि पाठवताही येतात. पण ती असलेलं टूल मेल फक्त बिनमध्ये, म्हणजे जीमेलच्या कचरापेटीत टाकू शकतं, बिनला वगळून कायमचं पुसू शकत नाही. बिनमधला मेल ३० दिवस परत आणता येतो, म्हणजे टूलनं चुकून वर्षभराची तिकिटं उडवली तरी तुमच्या हातात महिना असतो.

यातून टूल पारखायची सोपी खूण मिळते. ‘आम्ही मेल बिनमध्येच टाकतो’ असं सांगून वर कायमचं पुसण्याची परवानगी मागणारं टूल स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त मागतं आहे. याला अपवाद तुमच्या संगणकावर चालणाऱ्या थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रॅमचा. आयमॅप या मेलबॉक्स जोडण्याच्या पद्धतीनं जोडायचं तर त्यांना पूर्ण परवानगीच लागते, पण तिथे टोकन आणि मेल तुमच्याच यंत्रावर राहतात. वेबवरच्या टूलच्या बाबतीत दोन्ही दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतात.

वाचणं आणि पुसणं या दोन परवानग्या एकाच हातात आल्या की खरी भीती सुरू होते. समजा, टूलच्या सर्व्हरमधून तुमचं टोकन चोरीला गेलं. चोर तुमच्या एखाद्या दुकानाच्या खात्यावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबतो. रीसेटची लिंक तुमच्या मेलवर येते, तो ती वाचतो, वापरतो आणि तो मेल कायमचा पुसतो. तुम्ही इनबॉक्स उघडता तेव्हा तिथे काहीच नसतं, बिनमध्येही नाही. दुसऱ्या टप्प्याचा कोड नसलेली आणि या मेलवर उघडलेली तुमची सगळी खाती अशी एकेक करून जाऊ शकतात.

चोरी झाली नाही तरी टूलचा धंदा कशावर चालतो हे बघावं लागतं. अनरोल.मी ही इनबॉक्स आवरणारी फुकट सेवा होती. परवानगी द्यायला कचरणाऱ्यांना ती ‘तुमच्या खासगी मेलला हात लावणार नाही’ असं सांगत असे. प्रत्यक्षात खरेदीच्या पावत्यांचे मेल तिच्या मूळ कंपनीकडे जात होते आणि त्यातली माहिती बाजार-संशोधनासाठी विकली जात होती. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०१९ मध्ये या फसव्या आश्वासनाबद्दल तिच्यावर कारवाई केली. आता मेल वाचून सर्व्हरवर साठवणाऱ्या ॲपना गूगल दरवर्षी सुरक्षा तपासणी करून घ्यायला लावतं. त्यामुळे परवानगी देताना ‘या ॲपची पडताळणी झालेली नाही’ असा इशारा दिसला, तर तिथून मागे फिरा.

हातानं

मला वाटतं, बहुतेकांना टूलची गरजच नसते. संगणकावर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा आणि शोधपट्टीत हे टाका, म्हणजे दोन वर्षांहून जुने, तारा न लावलेले जाहिरातींचे मेल सापडतील:

```
category:promotions older_than:2y -is:starred
```

वरच्या चौकोनावर टिक केली की फक्त त्या पानावरचे मेल निवडले जातात, सहसा ५०. पण त्याचबरोबर यादीच्या वर एक ओळ येते, ‘या शोधाशी जुळणारी सगळी संभाषणं निवडा’ या अर्थाची. ती दाबून डिलीट केलं की हजारो मेल एकत्र बिनमध्ये जातात. संख्या फार मोठी असेल तर हेच पुन्हा करावं लागतं. जागा मात्र बिन रिकामं केल्यावरच सुटते, आणि घाई नसेल तर ते आठवडाभर तसंच ठेवून मग रिकामं करावं.

यात एक खाच आहे. जीमेल मेल आणि त्याची उत्तरं एका संभाषणात बांधून ठेवतं. संभाषणातला एकच मेल दोन वर्षांपूर्वीचा असला तरी ते यादीत येतं, आणि डिलीट केल्यावर कालचं उत्तरही त्याच्याबरोबर जातं. म्हणून आधी सेटिंगमध्ये संभाषण-दृश्य बंद करा, मग शोध घ्या. फक्त जागाच मोकळी करायची असेल तर `larger:10M` शोधून मोठे मेल आधी बघा. मूठभर मेल काढून जेवढी जागा सुटते, तेवढी हजारो जाहिराती पुसूनही अनेकदा सुटत नाही.

हातानं जमणार नाही असंही काम असतं, उदाहरणार्थ शेकडो वेगवेगळ्या पाठवणाऱ्यांचे मेल वेगवेगळ्या नियमांनी काढायचे असतील तेव्हा. अशा वेळी मी पडताळणी झालेलं, `gmail.modify` वर भागवणारं आणि पैसे घेणारं टूल निवडेन, आणि काम झालं की त्याच दिवशी परवानगी काढून घेईन.

आधीच दिलं असेल तर

`myaccount.google.com/connections` इथे जाऊन त्या टूलची परवानगी काढा. ॲप पासवर्ड दिला असेल तर तो रद्द करा. खरा पासवर्ड दिला असेल तर तो बदला, त्याबरोबर ॲप पासवर्ड आणि जीमेलची परवानगी असलेली टोकनंही बाद होतात. यानं पुढचा प्रवेश थांबतो. आधीच उतरवून घेतलेले मेल त्यांच्याकडे राहतात, ते पुसायला त्यांना वेगळं लिहून कळवावं लागतं. शेवटी जीमेलच्या सेटिंगमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग ही दोन पानं बघा. तिथे कुणी अनोळखी पत्ता टाकून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलल्यानंतरही तुमचे मेल तिकडे जात राहतात.