दोन मंजुरीपत्रं: कमी व्याज की माफ प्रोसेसिंग फी?

जुळे सोलापुरातल्या फ्लॅटसाठी 20 लाख, 20 वर्षं, फ्लोटिंग व्याज. समजा, पहिल्या बँकेचं पत्र 8.50 टक्क्यांचं आहे आणि प्रोसेसिंग फी अर्धा टक्का. म्हणजे 10,000 रुपये, वर 18 टक्के जीएसटी धरून 11,800. दुसरीची फी शून्य, पण व्याज 8.75.

हप्ते पडतात साधारण 17,356 आणि 17,674. महिन्याला 318 रुपयांचा फरक, त्यामुळे पहिल्या बँकेची फी सुमारे तीन वर्षांत वसूल होते. कर्ज त्याहून लांबणार असेल तर आम्ही पहिलंच पत्र घेऊ.

वडिलोपार्जित जमीन विकून दोन वर्षांत कर्ज फेडायचं असेल, तर मात्र दुसरं स्वस्त. घरासाठी वैयक्तिक नावावर घेतलेल्या फ्लोटिंग कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही.

पत्रात ‘रेपो अधिक स्प्रेड’ ही ओळ शोधाच. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँकेचा दर, तो सगळ्यांना सारखाच. खरा फरक स्प्रेडमध्ये, म्हणजे बँक त्यावर जोडते त्या टक्क्यांत असतो. रेपो वाढला की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवतात, म्हणून व्याज बदलल्यावर उरलेले हप्ते मोजा.