वॉरंटीची तरतूद: फक्त भरायचा कर दाखवावा की डिफर्ड टॅक्सही?

पुण्या-मुंबईत हिशेब शिकून ऑस्ट्रेलियात गेलेले अकाउंटंट या ठिकाणी हमखास थबकतात. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रोटॉर्क कंट्रोल्सच्या खटल्यात मागच्या अनुभवावर नीट बेतलेल्या वॉरंटी तरतुदीला वजावट मान्य केली. ऑस्ट्रेलियात मात्र अंदाजाने केलेल्या तरतुदीवर वजावट मिळत नाही. ती मिळते दुरुस्तीचा खर्च प्रत्यक्ष झाल्यावर. त्यामुळे वहीतला नफा आणि करपात्र नफा यांत फरक पडतो आणि तो कसा मांडायचा हे ठरवावं लागतं.

मोठ्या कंपनीपुढे हा प्रश्न नसतो. ५ कोटी डॉलर उलाढाल, अडीच कोटींची मालमत्ता आणि १०० कर्मचारी, यांपैकी दोन मर्यादा गाठल्या की अहवाल लेखामानकांप्रमाणेच करावा लागतो आणि करासाठीच्या एएएसबी ११२ या ऑस्ट्रेलियन मानकानुसार डिफर्ड टॅक्स, म्हणजे अशा फरकामुळे पुढच्या वर्षांत वाचणारा किंवा वाढणारा कर, दाखवावाच लागतो. त्याहून लहान खासगी कंपनीला सहसा निवड असते. पुढचं तिच्यासाठी आहे.

समजा, मेलबर्नची एक छोटी कंपनी पाण्याचे पंप बनवते आणि तिला २५ टक्के कर लागतो. पहिल्या वर्षी तिने वॉरंटीपोटी ८०,००० डॉलर खर्ची टाकले, पण दुरुस्तीवर प्रत्यक्ष गेले २०,०००. म्हणजे वर्षअखेर, ३० जूनला, तरतूद उरली ६०,०००. दुसऱ्या वर्षी नवी तरतूद ५०,००० आणि प्रत्यक्ष खर्च ९०,०००, म्हणून शिल्लक २०,०००. दोन्ही वर्षी करापूर्वीचा नफा ४,००,०००.

पहिल्या वर्षी न झालेला ६०,००० चा खर्च नफ्यात परत मिळवायचा: करपात्र नफा ४,६०,०००, कर १,१५,०००. दुसऱ्या वर्षी तरतूद ४०,००० ने घटली, तेवढी वजा करायची: करपात्र नफा ३,६०,०००, कर ९०,०००. सरकारला भरायची रक्कम दोन्ही पद्धतींत हीच. बदलतो तो नफातोटा पत्रकात दिसणारा करखर्च.

| | फक्त भरायचा कर | डिफर्ड टॅक्ससह |
|---|---|---|
| पहिल्या वर्षीचा करखर्च | १,१५,००० | १,००,००० |
| दुसऱ्या वर्षीचा करखर्च | ९०,००० | १,००,००० |
| पहिल्या वर्षअखेर डिफर्ड टॅक्स ॲसेट | नाही | १५,००० |
| दुसऱ्या वर्षअखेर डिफर्ड टॅक्स ॲसेट | नाही | ५,००० |

पहिल्या रकान्यात नफा तोच असून कराचं प्रमाण २८.७५ टक्क्यांवरून २२.५ वर घसरतं. बँकेच्या माणसाला वाटेल, यंदा कंपनीची कामगिरी सुधारली. खरं तर जुने पंप दुरुस्तीला आले, एवढंच झालं. दुसऱ्या रकान्यात हा भास होत नाही.

त्यामागचा हिशेब साधा आहे. ताळेबंदातली तरतूद ६०,०००. ती पूर्ण रक्कम पुढे वजा होणार आहे, म्हणून तिचं करमूल्य, म्हणजे कराच्या हिशेबातली तिची रक्कम, शून्य. फरक ६०,०००, त्याचे २५ टक्के १५,०००. नोंद अशी: करखर्च १,००,००० नावे, डिफर्ड टॅक्स ॲसेट १५,००० नावे, देय कर १,१५,००० जमा. दुसऱ्या वर्षी करखर्च १,००,००० नावे, आणि समोर ॲसेट १०,००० व देय कर ९०,००० जमा.

चूक बहुधा दुसऱ्या वर्षी होते. अखेरची शिल्लक २०,००० दिसते म्हणून तीच नफ्यात मिळवली जाते, खरं तर वर्षभरातला बदल घ्यायचा असतो. मग करपात्र नफा ४,२०,००० येतो आणि कंपनी १५,००० डॉलर कर जास्त भरून बसते. ताळा घ्यायचा तर दर न बदललेल्या वर्षी डिफर्ड टॅक्ससह आलेल्या करखर्चाला करापूर्वीच्या नफ्याने भागा: २५ टक्के आले नाहीत आणि करात कधीच मान्य न होणारा दंडासारखा खर्चही नसेल, तर गडबड तरतुदीतल्या बदलाच्या ओळीतच शोधा.

मग निवडायचं काय? तरतूद दरवर्षी साधारण ६०,००० च्या आसपासच राहत असेल, तर पहिल्या वर्षानंतर दोन्ही पद्धतींचा करखर्च जवळपास सारखाच येतो. अशा कंपनीने, अहवाल फक्त मालक आणि करसल्लागार वाचत असतील तर, डिफर्ड टॅक्सच्या मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण विक्री झपाट्याने वाढत असेल, एखाद्या मॉडेलमध्ये दोष निघून तरतूद एकदम फुगली असेल, किंवा कंपनी विकायला काढायची असेल, तर दुसरी पद्धतच घ्या. कर्जाचा करारही एकदा वाचून पाहा. त्यात लेखामानकं पाळण्याची अट असेल, तर निवड आधीच झालेली आहे.

दुसरी पद्धत घेतली की दोन गोष्टी दरवर्षी तपासाव्या लागतात. एक म्हणजे दर: दुरुस्त्या होतील त्या वर्षी जो लागू असेल तो. उलाढाल ५ कोटींपलीकडे जाऊन ३० टक्के दर लागणार असेल, तर त्याच ६०,००० वर ॲसेट १८,००० ची होते. दुसरी म्हणजे पुढचा नफा. वजावट येईल तेव्हा तिचा उपयोग होण्याइतका करपात्र नफा असण्याची शक्यता न असण्यापेक्षा जास्त हवी. सलग तोटा होत असेल आणि ठोस पुरावा नसेल, तर ती १५,००० ची ॲसेट ताळेबंदात ठेवता येत नाही आणि त्या वर्षीचा करखर्च तेवढ्याने वाढतो.