काळ्यावर काळं की निळ्यावर निळं?

संक्रांतीला काळ्या साडीवर काळाच ब्लाउज घालताना छटांचा खेळ करता येत नाही. धुऊन विटलेला काळा नव्या काळ्याशेजारी जुनाटच दिसतो. तिथे पोतच काम करतो. मखमल प्रकाश गिळते, रेशीम परतवतं, म्हणून काळ्या रेशमी साडीवर मखमली ब्लाउज उठून दिसतो. फक्त दोन्ही कापडं दिवसाउजेडी खिडकीशी धरा. एकात तांबूस आणि दुसऱ्यात निळसर झाक असेल, तर जोडी फसली.

निळ्यात मात्र छटा मोकळ्या मिळतात. गडद जीन्सवर फिकट आकाशी सुती शर्ट सहज जमतो. छटा अगदी जवळच्या असल्या, तर जुळवायला गेलो आणि चुकलो असं वाटतं. मोरपंखी आणि जांभळट निळा मी एकत्र घालत नाही.

एकाच रंगावर तोच रंग पहिल्यांदा घालणाऱ्याने निळा घ्यावा.